सा-ग-प आणि त्याची तीन भावंडं: मेजर, मायनर, डिमिनिश्ड, ऑगमेंटेड कॉर्ड्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेटी किंवा कीबोर्ड वाजवायला लागून सहा महिने झाले, हाताशी दहा-बारा अलंकार आणि चार-दोन गाणी आली, की बहुतेकांना कॉर्डचे प्रश्न पडायला लागतात. मला ज्या क्रमाने विचारले जातात साधारण त्याच क्रमाने ते इथे घेतले आहेत. उत्तरं वाचताना पेटी किंवा कीबोर्ड जवळ असू द्या. नुसतं वाचून यातलं निम्मंच कळेल. सगळीकडे पांढरी एक, म्हणजे सी, हा सा धरला आहे.

ट्रायड म्हणजे नक्की काय? कुठलेही तीन सूर एकत्र दाबले की ट्रायड होते का?

नाही. ट्रायडमधले तीन सूर एकमेकांवर 'थर्ड'च्या अंतराने रचलेले असतात. थर्ड म्हणजे एक सूर घ्यायचा, पुढचा सोडायचा, त्यापुढचा घ्यायचा. सा घेतला, रे सोडला, ग घेतला. मग म सोडला आणि प घेतला. सा-ग-प ही झाली ट्रायड. सा-रे-ग एकत्र दाबले तर तीन सूर झाले, पण ती ट्रायड नाही, कारण एकही सूर सोडलेला नाही. सा-म-प हीसुद्धा नाही, कारण सा आणि म यांच्यामध्ये दोन सूर सुटले आणि म-प मध्ये एकही सुटला नाही.

खालच्या सुराला रूट म्हणतात आणि कॉर्डला नाव त्याचंच मिळतं. मधल्याला थर्ड म्हणतात, वरच्याला फिफ्थ.

मग चार प्रकार कुठून आले?

सूर सोडून सूर घेतला तरी अंतर प्रत्येक वेळी सारखं येत नाही, म्हणून. पांढऱ्या-काळ्या सगळ्या पट्ट्या ओळीने मोजा. सी ते ई या थर्डमध्ये चार पट्ट्या पुढे जावं लागतं, तर ई ते जी या थर्डमध्ये तीनच. चार पट्ट्यांचा तो मेजर थर्ड, तीन पट्ट्यांचा तो मायनर थर्ड. थर्डवर थर्ड रचायचा आणि थर्ड दोनच प्रकारचा, तेव्हा चारच जोड्या शक्य होतात: खाली मोठा वर लहान (मेजर), खाली लहान वर मोठा (मायनर), दोन्ही लहान (डिमिनिश्ड), दोन्ही मोठे (ऑगमेंटेड).

मोजताना जवळजवळ प्रत्येक जण एक चूक करतो. सुरुवातीची पट्टी मोजायची नसते. सीपासून चार म्हणजे सीची काळी, डी, डीची काळी, ई. सीलाच 'एक' म्हटलंत तर चौथ्या मोजणीला डीच्या काळीवर पोचाल आणि मेजर वाजवतोय असं समजून मायनर वाजवाल. कॉर्ड 'उदास का वाटतेय' म्हणून कोणी विचारलं, की मी आधी त्याला मोठ्याने मोजायला लावतो.

चारही एकाच सुरावर ऐकायच्या तर बोटं कुठे ठेवायची?

सी-ई-जी दाबा. ही मेजर. भाता संथ ठेवा आणि सूर पूर्ण स्थिरावू द्या.

आता फक्त मधलं बोट ईवरून डावीकडच्या काळीवर घ्या. सा आणि प तेच, गांधार कोमल झाला. ही मायनर. इथे थोडा वेळ थांबा आणि दोन्ही मागे-पुढे वाजवा. तीन सुरांतला एकच सूर, तोही एकच पट्टी हलला, आणि कॉर्डचा सगळा रंग पालटला.

मायनर धरूनच वरचं बोट जीवरून डावीकडच्या काळीवर आणा. ही डिमिनिश्ड. आता सगळे सूर आखडल्यासारखे वाटतात, कॉर्ड कुठेतरी निसटायला बघते.

पुन्हा सी-ई-जीवर या आणि या वेळी जीचं बोट उजवीकडच्या काळीवर न्या. ही ऑगमेंटेड. ती आखडत नाही, उलट ताणली जाते. आणि सुटणार कुठे याचा काही अंदाज देत नाही.

या चौघींमधला खरा फरक कशात आहे?

मेजर सगळ्यांत आनंदी, मग मायनर, मग डिमिनिश्ड अशी चढत्या दुःखाची शिडी अनेक ठिकाणी शिकवली जाते. मला ती पटत नाही. माझ्या कानाला पहिला फरक पंचमाचा लागतो, गांधाराचा नंतर.

मेजर आणि मायनर या दोन्हींत सा आणि प अबाधित आहेत. सात पट्ट्यांचं ते अंतर, तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेचं आणि पहिल्या, पंचमाच्या तारेचं. ते भक्कम असल्यामुळे या दोन्ही कॉर्ड स्वतःच्या पायांवर उभ्या राहतात. गाणं तिथे संपवता येतं. आतला गांधार शुद्ध की कोमल यावर फक्त उजेड बदलतो, पाया बदलत नाही.

डिमिनिश्डमध्ये आणि ऑगमेंटेडमध्ये हा पंचमच नाही. एकीत तो एक पट्टी आत आला, दुसरीत एक पट्टी बाहेर गेला. म्हणून दोन्ही अस्थिर आहेत, आणि दोन्हींवर गाणं संपवलं तर ऐकणाऱ्याला राहून गेल्यासारखं वाटतं. अस्थिरपणाची जात मात्र दोघींची वेगळी आहे. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

मेजर कॉर्ड इतकी 'जुळलेली' का वाटते?

जुळवलेल्या तानपुऱ्याजवळ बसून खर्जाच्या तारेकडे कान दिलात, तर कोणी छेडलेला नसताना गांधार ऐकू येतो. त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. तार एकाच वेळी अखंडही हलते आणि दोन, तीन, चार, पाच, सहा भागांतही हलते, आणि प्रत्येक भागाचा स्वतःचा बारीक सूर असतो. त्यातला चौथा म्हणजे वरचा सा, पाचवा ग, सहावा प. म्हणजे सा-ग-प हे तीन सूर एकाच तारेच्या पोटात चार-पाच-सहा या प्रमाणात आधीच आहेत. मेजर ट्रायड वाजवताना आपण ते उघड करतो, आणि तीन सूर मिळून एका मोठ्या सुरासारखे ऐकू येतात.

मायनरचं प्रमाण दहा-बारा-पंधरा असं येतं. हेही पूर्णांकच आहेत, पण इतके मोठे की कानाला त्यामागचा एक सामाईक सूर सहज सापडत नाही. शिवाय सा वाजत असताना त्याच्या पोटातला शुद्ध गांधार वरच्या सप्तकांत बारीक वाजतच असतो आणि आपण त्यावर कोमल गांधार दाबलेला असतो. या दोघांची हलकी घासण ऐकू येते. मायनरमधली खोली, तो किंचित झाकोळ, यातला थोडा वाटा या घासणीचा आहे असं मला वाटतं.

पण पेटीवर सी-ई-जी धरलं की थरथर ऐकू येते. पेटी बिघडली आहे का?

बहुधा नाही. आजच्या बहुतेक पेट्या आणि सगळे कीबोर्ड समान अंतरांनी जुळवलेले असतात, म्हणजे सप्तकाचे बारा सारखे भाग. लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे 100 भाग कल्पिले, त्याला सेंट म्हणतात, तर पेटीवरचा गांधार स्वयंभू गांधारापेक्षा सुमारे 14 सेंट चढा असतो. पंचम जेमतेम 2 सेंट उतरलेला असतो, तो कानाला खटकत नाही.

आकड्यांत बघा. मधल्या सप्तकाचा सी सेकंदाला 261.63 कंपनांचा. त्याचा खरा जुळलेला गांधार 327.03 वर हवा, पेटीचा ई असतो 329.63 वर. सीच्या पोटातला पाचवा सूर आणि ईच्या पोटातला चौथा सूर जवळजवळ एकाच जागी येतात, पण नेमके नाही. त्यांच्यात सेकंदाला साधारण दहा कंपनांचा फरक पडतो आणि तोच थरथरीसारखा ऐकू येतो. आधी नुसता सी-जी धरा, सूर शांत असेल. मग ई दाबा, थरथर सुरू होईल. असं झालं तर पेटी ठीक आहे. सी-जीमध्येच जोराची थरथर असेल तर सूर उतरले आहेत, पेटी सुरात लावून घ्या.

चांगले गायक पेटीच्या गांधाराला का टाळतात आणि तानपुऱ्याचा का धरतात, तेही याच 14 सेंटांत आहे.

मायनर म्हणजे दुःखी, हे खरं ना?

पाश्चात्त्य चित्रपटांनी आणि गाण्यांनी आपल्या कानाला ती सवय लावली आहे. कॉर्डमध्ये दुःख कोरलेलं नाही. कोमल गांधाराचा काफी घ्या. होळीच्या रंगाची किती गाणी काफीत आहेत, आणि त्यांत कोणी रडत नाही. लय, शब्द, सूर कुठल्या सप्तकात आहेत, यांनी मायनरचा अर्थ ठरतो. द्रुत लयीत मायनर कॉर्ड जोशपूर्णही वाटते.

डिमिनिश्ड ऐकली की भीतीदायक का वाटते? ती गाण्यात कामाला कुठे येते?

तिच्या दोन टोकांतलं अंतर सहा पट्ट्यांचं आहे, म्हणजे सप्तकाचा बरोबर मध्य. हे अंतर कुठल्याही सोप्या प्रमाणात बसत नाही, म्हणून कान तिथे टेकत नाही. जुन्या मूकपटांपासून संकटाच्या प्रसंगाला तिचा वापर होत आला, त्यामुळे भीतीची ओळख पक्की झाली.

तिचं रोजचं काम मात्र घाबरवण्याचं नाही, घरी आणण्याचं आहे. फक्त पांढऱ्या पट्ट्या वापरून प्रत्येक सुरावर एक सोडून एक अशी ट्रायड बांधा. सी, एफ, जी यांवर मेजर येईल. डी, ई, ए यांवर मायनर. आणि एकाच ठिकाणी, बीवर, डिमिनिश्ड. सा ते नि सात सुरांत ती एकटीच, आणि निषादावर. निषाद साकडे ओढ घेतो हे गाणाऱ्याला सांगावं लागत नाही.

बी-डी-एफ धरा. आता बी एक पट्टी चढून सीवर, एफ एक पट्टी उतरून ईवर, आणि डी उतरून सीवर घ्या. तीन बोटांची दोन झाली, दोन टोकं आत येऊन मिटली, आणि ओझं उतरल्यासारखं वाटलं. गाण्यात सीच्या आधी येणारी जी-सेव्हन कॉर्ड तुम्ही शेकडो वेळा वाजवली असेल. तिचे वरचे तीन सूर हेच, बी-डी-एफ. जी-सेव्हन 'परत चला' असं सांगते ते या तिघांमुळे.

सरगममध्ये डिमिनिश्ड लिहायला गेलो तर सा, कोमल ग, तीव्र म असं येतं. मग थर्डवर थर्ड कुठे राहिला?

हा प्रश्न विचारणाऱ्याने खरोखर विचार केलेला असतो. आपल्याकडे पंचम अचल आहे, तो कोमल होत नाही. म्हणून प आणि म यांच्या मधल्या काळीला एकच नाव, तीव्र मध्यम. पाश्चात्त्य लेखनात त्याच पट्टीला दोन नावं आहेत: एफ-शार्प आणि जी-फ्लॅट. सी-वर बांधलेल्या डिमिनिश्डमध्ये ती जी-फ्लॅट असते, कारण रचना सी, ई, जी या अक्षरांवरच उभी राहायला हवी, एक सोडून एक. एफ-शार्प लिहिलं तर ई आणि एफ लगतचे झाले आणि थर्ड मोडला. आवाज तोच राहतो, पण वाचणाऱ्याला कॉर्ड ओळखू येत नाही.

ऑगमेंटेडचंही तसंच. पट्टी कोमल धैवताची, पण कॉर्डमध्ये ती चढलेल्या पंचमाच्या जागी आहे, म्हणून जी-शार्प लिहायची. सरगम चालीसाठी घडलेली आहे, कॉर्डसाठी नाही. कॉर्ड लिहिताना अक्षरं वापरा.

गाण्यांच्या कॉर्ड शीटवर नुसतं `C` म्हणजे मेजर, `Cm` मायनर, `Cdim` किंवा `C°` डिमिनिश्ड, `Caug` किंवा `C+` ऑगमेंटेड.

ऑगमेंटेड पांढऱ्या पट्ट्यांत कुठेच सापडली नाही. ती येते कुठून?

बरोबर, शुद्ध सुरांत ती नाहीच. एक सूर बदलला की येते. ए-मायनरच्या चालीत शेवटाकडे ओढ आणायला जी ऐवजी जी-शार्प घेतात. त्याच स्वरांत सी-ई-जी-शार्प दडलेली आहे. पण गाण्यात ती जास्त करून दोन कॉर्डमधला पूल म्हणून येते. सी, मग सी-ऑगमेंटेड, मग एफ असं वाजवा आणि एका बोटाकडे लक्ष ठेवा. जी, जी-शार्प, ए असं ते एकेक पट्टी चढत जातं. शेवटच्या पावलाला ई एफवर सरकतो आणि सी जागचा हलत नाही. तिन्ही कॉर्ड वेगळ्या, पण कानाला चढणारी एकच रेघ लागते.

ही माझी आवडती कॉर्ड आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो. चार अधिक चार अधिक चार म्हणजे बारा: तिचे तीन सूर सप्तकाचे तीन सारखे तुकडे करतात. त्यामुळे सी-ई-जी-शार्प खालून वाजवा, ईपासून वाजवा की जी-शार्पपासून, अंतरं तीच. रूट कोणता हे कान सांगूच शकत नाही. बारा पट्ट्यांवर बारा ऑगमेंटेड होतील असं वाटतं, प्रत्यक्षात आवाजाने वेगळ्या चारच भरतात.

आणि रूट नसल्यामुळे तिच्यातून बाहेर पडायला सहा दारं आहेत. सी-ई-जी-शार्प धरून एकच बोट एकच पट्टी हलवा. जी-शार्प उतरवून जी केला तर सी मेजर. ई उतरवला तर ए-फ्लॅट मेजर. सी उतरवून बी केला तर ई मेजर. आता उलट: सी चढवला तर सी-शार्प मायनर, ई चढवून एफ केला तर एफ मायनर, जी-शार्प चढवून ए केला तर ए मायनर. कुठलाही सूर खाली नेला तर मेजर, वर नेला तर मायनर. डिमिनिश्ड ओढते ती एका दिशेने. ऑगमेंटेड सहा दिशांना सारखीच उघडी आहे, म्हणून तिच्यात ते अधांतरी तरंगणं येतं.

सूर उलटसुलट लावले, म्हणजे ई-जी-सी, तर मेजर कॉर्ड बदलते का?

प्रकार बदलत नाही, बैठक बदलते. याला इन्व्हर्जन म्हणतात. ई-जी-सी मध्ये अंतरं तीन आणि पाच अशी येतात, आणि पाच म्हणजे थर्ड नव्हे. अशी कॉर्ड ओळखायची तर वरचा सूर खालच्या सप्तकात आणून बघा, एक सोडून एक बसेपर्यंत. बसली की सगळ्यात खालचा तो रूट.

नुसते सा आणि प वाजवले तर मेजर की मायनर?

दोन्ही नाही. गांधार ठरवतो, आणि गांधारच नाही. गिटारवर याला पॉवर कॉर्ड म्हणतात. ज्या चालीत दोन्ही गांधार लागतात तिथे ही पोकळ जोडी सगळ्यात सुरक्षित.

रागावर आधारलेल्या गाण्याला कॉर्ड लावाव्यात का?

चित्रपटसंगीतात त्या लागल्या आणि शोभल्याही. गोव्यातून मुंबईला आलेल्या अँथनी गोन्साल्विस आणि सेबास्टियन डिसोझा यांच्यासारख्या वादक-अरेंजरांचा त्यात मोठा हात आहे. पण बेताने. रागात जे सूर आहेत त्यांतून कोणत्या ट्रायड बनतात ते आधी मोजा.

भूप घ्या: सा रे ग प ध. यातून फक्त दोन ट्रायड निघतात, सा-ग-प ही सी मेजर आणि ध-सा-ग ही ए मायनर. बाकी कुठलीही कॉर्ड लावलीत तर म किंवा नि शिरला, आणि भूप राहिला नाही. दोनच कॉर्डमध्ये भूपातलं गाणं सुरेख पेलतं, करून बघा.

मालकंसात गोष्ट आणखी नाजूक आहे. सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नि. इथेही दोनच: म-ध-सा ही एफ मायनर आणि ध-सा-ग ही ए-फ्लॅट मेजर. सावर उभी राहणारी एकही नाही, कारण पंचमच नाही. कोमल गांधार आहे म्हणून सी मायनर लावणारे पुष्कळ भेटतात. ती लावली की त्यातला जी मालकंसाला मोडतो. सावर थांबायचं असेल तर सा आणि म धरा. ती ट्रायड नाही, पण मालकंसाचा तानपुराही तसाच लावतात.

कॉर्ड बरोबर धरतो, तरी घोगरा गोंगाट ऐकू येतो. काय चुकतं?

जागा. डाव्या हाताने खालच्या सप्तकात थर्ड धरले की त्यांच्या पोटातले सूर एकमेकांच्या फार जवळ पडतात आणि खरखर होते. मेजर-मायनर ओळखूसुद्धा येत नाही. खाली फक्त सा, किंवा सा-प ठेवा आणि गांधार मधल्या सप्तकात घ्या. पेटीवर खर्जाचे सूर उघडे असतील तर तुम्ही मध्य सप्तकात दाबलेली कॉर्ड खालीही वाजते, म्हणून कॉर्डच्या वेळी तो स्टॉप बंद करा. कपलरही बंद.

न बघता कानाने कशी ओळखायची?

कोणाला तरी चारही कॉर्ड मधल्या सप्तकात, रूट खाली ठेवून, कुठल्याही क्रमाने वाजवायला सांगा. खालचा सूर गुणगुणा, मग वरचा. तो तुमच्या गळ्यात सा-प म्हणून आपसूक बसला तर प्रश्न निम्मा सुटला. आता मधला सूर गा आणि शुद्ध की कोमल ते ठरवा. प बसला नाही तर गळा कुठे अडला ते बघा. तीव्र मध्यमावर अडला तर डिमिनिश्ड, कोमल धैवतावर गेला तर ऑगमेंटेड. सुरुवातीला डिमिनिश्ड आणि मायनर यांत गफलत होते, कारण खालचा थर्ड दोन्हींत तोच आहे; त्या दोघींतच दहा-दहा वेळा ऐका आणि प्रत्येक वेळी वरचा सूरच गा, मधला नको.